नऊ आठे बहात्तर एवढ्यानं भागत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

७२ चे विभाजक किती आणि त्यांची बेरीज किती, हे मूळ अवयव पाडून आणि तक्ता मांडून कसं काढायचं, यावर मी एक लेख टाकला होता. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

> सर, ७२ चे विभाजक मोजायला एवढं रामायण? ७२ = ८ × ९. आठाचे विभाजक ४, नवाचे ३, गुणले की १२. दोन भाग पाडा आणि गुणा, झालं. मूळ अवयव, घातांक, शून्यावा घात, वर तो तक्ता, हा पसारा कशाला? बेरजेचं साधं सूत्र (p^(e+1) − 1) ÷ (p − 1) तर दिलेलंच नाही. बेरीजही चुकली आहे, १८५ नव्हे, १९५. पुण्यात सातवीतली मुलं हे तीस सेकंदांत करतात. खेड्यातल्या पोरांना तुम्ही असं तक्त्यात अडकवून ठेवता, म्हणून ती मागे राहतात.

नमस्कार.

आधी चूक कबूल करतो. बेरीज १९५ च आहे, लेखात १८५ टाइप झालं. ती बेरीज १५ आणि १३ यांच्या गुणाकारातून येते, म्हणजे तिला तीननं भाग जायलाच हवा, आणि १८५ ला तो जात नाही. एवढी ताडणी मी लेख टाकण्याआधी करायला हवी होती. दुरुस्ती केली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

आता बाकीचं. तुम्ही चूक दाखवली त्याचं मला काही वाटलं नाही. पण शेवटची दोन वाक्यं तुम्ही गणितासाठी लिहिलेली नाहीत. वरुड तालुक्यातल्या एका गावात गेली एकोणीस वर्षं मी संध्याकाळचा वर्ग घेतो. दिवसभर संत्र्याच्या नाहीतर कपाशीच्या वावरात राबून आलेली पोरं तिथं बसतात. ती मागे का राहतात यावर बोलायचं असेल तर इथं येऊन आठवडाभर राहा, मग बोलू. एका तक्त्यावर त्याचं खापर फोडणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. आणि ‘रामायण’ हा शब्दही मला लागला. त्या लेखासाठी मी तीन रात्री जागलो होतो.

‘दोन भाग पाडा आणि गुणा’ हे तुमचं वाक्य मात्र मी सोडणार नाही, कारण नेमकं तेच वाक्य पोरं घोकून जातात आणि पडतात.

७२ चे भाग तुम्ही ८ आणि ९ असे पाडलेत. मी ६ आणि १२ असे पाडतो. सहा बारे बहात्तर, यात तर खोट नाही? सहाचे विभाजक १, २, ३, ६ असे चार. बाराचे १, २, ३, ४, ६, १२ असे सहा. चार सक चोवीस. तुमच्या नियमानं ७२ चे विभाजक चोवीस झाले, आणि आहेत बारा. बेरजेतही तेच होतं: सहाच्या विभाजकांची बेरीज १२, बाराच्या विभाजकांची २८, गुणाकार ३३६. खरी बेरीज १९५. एकच संख्या, एकच नियम, आणि उत्तरं दोन. मग तो नियम कसला?

हे असं का होतं ते आमच्या वर्गातल्या एका नववीतल्या मुलीनं फळ्यापाशी येऊन दाखवलं होतं. मी सहाचे विभाजक उभे लिहिले, बाराचे आडवे, आणि चोवीसही घरं गुणाकारांनी भरली. ती खडू घेऊन प्रत्येक सहाभोवती गोल करत गेली. एकाला सहानं गुणून सहा, दोनाला तीननं, तीनाला दोननं, सहाला एकनं. मग म्हणाली, “सर, सहा त चारदा आला. एकच विभाजक चारदा काहून मोजाचा?” तिनं पुढं बाराही शोधला, तोही चारदा निघाला. २, ३, ४, १८, २४, ३६ हे सगळे दोन-दोनदा. फक्त १, ८, ९ आणि ७२ एकेकदाच.

सगळं इथंच आहे. सहा आणि बारा या दोघांतही २ आहे आणि ३ आहे, त्यामुळे एकच विभाजक वेगवेगळ्या जोड्यांतून पुन्हा पुन्हा तयार होतो. आठात फक्त दोन आहेत, नवात फक्त तीन. ते सहमूळ आहेत, त्यांचा मसावि १ आहे, म्हणून कुठलाच गुणाकार दुसऱ्यांदा येत नाही. तुमचं उत्तर बरोबर आलं ते ‘दोन भाग पाडले’ म्हणून नाही, भाग सहमूळ निघाले म्हणून. ही अट तुमच्या प्रतिक्रियेत कुठंच नाही. आणि मूळ अवयव पाडून त्यांचे घात वेगळे मांडले की ही अट आपोआप पाळली जाते, कारण दोनाचा घात आणि तीनाचा घात यांच्यात सामाईक काही उरूच शकत नाही. ज्याला तुम्ही पसारा म्हणता तो यासाठी आहे.

७२ म्हणजे तीन वेळा २ आणि दोन वेळा ३. दोनाचा घातांक ३, तीनाचा २. तो तक्ता पुन्हा देतो:

```
१    २    ४    ८
३    ६   १२   २४
९   १८   ३६   ७२
```

७२ चा कुठलाही विभाजक बनवायचा तर दोनच गोष्टी ठरवायच्या: त्यात २ किती वेळा घ्यायचा आणि ३ किती वेळा. दोन एकदाही न घेता, एकदा, दोनदा किंवा तीनदा घेता येतो, म्हणजे घातांक ३ असला तरी पर्याय चार. ‘घातांकात एक मिळवा’ यातला तो एक म्हणजे ‘न घेणं’, म्हणजेच शून्यावा घात. तो काढून टाका, मग ९ हा विभाजक कुठून आणाल? त्यात दोन आहेच कुठं? तीनासाठी तसेच पर्याय तीन. चार त्रिक बारा, आणि प्रत्येक घरात वेगळी संख्या.

बेरीजही याच तक्त्यात बसलेली आहे. पहिल्या ओळीची बेरीज १५. दुसरी ओळ म्हणजे पहिलीची तिप्पट, ४५. तिसरी नऊपट, १३५. म्हणजे १५ ला १ + ३ + ९ नं, म्हणजे १३ नं गुणायचं. १५ × १३ = १९५. तुमच्या सूत्रात p म्हणजे मूळ अवयव आणि e म्हणजे त्याचा घातांक; ते जे १५ आणि १३ देतं ते हेच. आणि उद्या ३६० विचारलं तर या तक्त्याची आणखी एक प्रत काढून तिची प्रत्येक संख्या पाचनं गुणायची. विभाजक २४, बेरीज १९५ अधिक ९७५, म्हणजे ११७०. ज्यानं तक्ता मांडलाय त्याला ३६० साठी नवीन काही शिकावं लागत नाही.

माझा राग आणखी एका कारणानं आहे, तेही सांगतो. १९९८ साली मी एका नोकरीची लेखी परीक्षा दिली. १४४ चे एकूण विभाजक किती, असा प्रश्न होता. मी बारा गुणिले बारा केलं, बाराचे विभाजक सहा, सहा सक छत्तीस. पर्यायांत ३६ होतंच. प्रश्न काढणाऱ्याला माहीत होतं की माझ्यासारखी पोरं हेच करणार. बरोबर उत्तर होतं १५: दोनाचा घातांक ४, तीनाचा २, पाच त्रिक पंधरा. निवड यादीत मी एका गुणानं राहिलो. मलाही कुणीतरी ‘दोन भाग पाडून गुण’ एवढंच सांगितलं होतं. त्या एका गुणानं माझ्या घराचं काय झालं ते इथं लिहीत नाही.

तेव्हा मला ही चूक पकडता आली असती. विभाजक नेहमी जोडीनं येतात. बहात्तर कलमं आठ-आठच्या नऊ रांगांत लावली तर तीच नऊ-नऊच्या आठ रांगांतही लागतात, म्हणून विभाजकांची संख्या सम निघते. पण १४४ कलमं बारा-बाराच्या बारा रांगांत लावली तर वावर फिरवूनही मांडणी तीच राहते. त्या १२ ला जोडीदार नाही. म्हणून वर्गसंख्येचे विभाजक विषमच असतात, आणि १४४ ही वर्गसंख्या आहे. ३६ हे सम उत्तर तिथंच खोडायला हवं होतं. माझे वडील आयुष्यभर कलमंच लावत आले, आणि मला हे कुणी दाखवलं नाही.

सूत्र दिलं नाही, ही तुमची तक्रार मान्य नाही. १ + ३ + ९ करण्याऐवजी सत्तावीसातून एक वजा करून दोननं भागायचं, यात वाचतं काय? घातांक दहा-बारा असेल तेव्हा वापरा, माझी हरकत नाही.

आणि तीस सेकंद. पुण्यातली मुलं हुशार आहेत, असू द्यात. पण या प्रश्नात वेळ एक मिळवण्यात आणि गुणण्यात जातच नाही, तो जातो अवयव पाडण्यात. ८६३३ घ्या. तिला २, ३, ५, ७ नं भाग जात नाही, ११, १३, १७ नंही नाही. कंटाळून ती मूळ संख्या समजलात तर विभाजक दोन आणि बेरीज ८६३४ लिहून मोकळे व्हाल. पण ९३ चा वर्ग ८६४९, म्हणजे त्र्याण्णवच्या आतली प्रत्येक मूळ संख्या लावून पाहणं भाग आहे, आणि त्यांतली अगदी शेवटची, ८९, लागते. ८६३३ = ८९ × ९७. विभाजक चार, बेरीज ९० × ९८ = ८८२०. अशा चोवीस मूळ संख्या लावून पाहायला आमच्या पोरांना दहा मिनिटं लागली. त्यांतल्या तिघांचं उत्तर बरोबर आलं, आणि का आलं हेही त्यांना सांगता आलं.

तुम्हाला खरंच तपासायचं असेल तर १८०० घ्या. ३० आणि ६० असे दोन भाग पाडा, तुमच्या नियमानं विभाजक ९६ येतील. मग मूळ अवयव पाडा, घातांक ३, २ आणि २, आणि ३६ येतात का बघा. १८०० वर्गसंख्या नाही, तेव्हा सम-विषमच्या ताडणीतून दोन्ही आकडे सुटतात. खरा कुठला हे तक्ता मांडल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही.

लेखात १८५ च्या जागी १९५ केलं आहे. तक्ता आहे तिथंच राहील.