‘लो-ॲसिड’ कॉफी आणि छातीतली जळजळ

‘लो-ॲसिड’ असं पाकिटावर छापलेली कॉफी घेऊन जळजळ थांबेल अशी आशा धरणाऱ्यांसाठी ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कपातला आंबटपणा हा सहसा मुख्य गुन्हेगार नसतो. एका वेळी पोटात किती कॅफिन जातं, किती द्रव जातो आणि कधी जातो, या तीन गोष्टी बहुतेकांच्या बाबतीत जास्त महत्त्वाच्या ठरतात. बिया आणि भाजणी त्यानंतर.

कपातल्या आम्लाचा हिशोब सोपा आहे. तयार कॉफीचा पीएच साधारण ५ च्या आसपास असतो. संत्र्याचा रस त्याहून बराच आंबट, साडेतीनच्या आसपास. आणि जठरातला रस १.५ ते २. पीएचमधला एक अंक म्हणजे दहापट फरक, त्यामुळे जठररस कॉफीपेक्षा हजारपटीच्या घरात तीव्र असतो. पाच पीएचची कॉफी त्या भांड्यात ओतून तिथली आम्लता वाढत नाही, उलट क्षणभर थोडी पातळच होते. त्रास त्यानंतर सुरू होतो.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक कडी असते. एरवी ती घट्ट मिटलेली असते आणि गिळताना उघडते. काही लोकांमध्ये कॉफीने ही कडी सैल पडते. दुसरीकडे कॉफी जठराला जास्त आम्ल तयार करायला लावते. म्हणजे खाली रस वाढला आणि वरचं झाकण ढिलं झालं. जठराच्या अस्तराला त्या रसाची सवय असते, अन्ननलिकेच्या अस्तराला नसते. म्हणून जळजळ छातीच्या हाडामागे जाणवते, वाकलं किंवा आडवं झालं की वाढते आणि कधी घशाशी आंबट पाणी येतं. बेंबीच्या वर, पोटातच दुखत किंवा जळत असेल तर ती तक्रार वेगळी. आपण दोन्हींना ‘पित्त झालं’ म्हणून मोकळे होतो आणि मग चुकीचा उपाय करत बसतो. ही पोस्ट पहिल्या प्रकाराबद्दल आहे.

सगळ्यांनाच हा त्रास का होत नाही? कारण ती कडी मुळात किती घट्ट आहे, पोटावर किती दाब आहे, अन्ननलिका किती संवेदनशील आहे, हे माणसागणिक वेगळं असतं. मोठ्या लोकसंख्येची पाहणी केली तर कॉफी आणि आम्ल वर येणं यांचा संबंध ठामपणे दिसतोच असं नाही. पण ज्याला त्रास होतो त्याला तो खराच होतो, सरासरी काहीही म्हणो.

आता कॅफिन. बाजारातल्या कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका बियांत वजनाच्या सुमारे १.२ टक्के कॅफिन असतं, रोबस्टात सुमारे २.२ टक्के. स्वस्त मिश्रणात आणि ‘जास्त फेस, जास्त कडक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एस्प्रेसो मिश्रणात रोबस्टा बऱ्याचदा असतं. कॅफिन गरम पाण्यात भराभर उतरतं, त्यामुळे पुढचे आकडे ‘जास्तीत जास्त इतकं’ असे समजा.

एक उदाहरण घेऊ. समजा एक जण सकाळी ७ वाजता, रिकाम्या पोटी, ३२० मिलीचा मोठा मग पितो. पूड २० ग्रॅम, अर्धी अरेबिका अर्धी रोबस्टा. मग लगेच व्यायाम, त्यात वाकणं आलंच. पावणेआठला जळजळ. त्या मगात कॅफिन आहे २० ग्रॅमचे १.७ टक्के, म्हणजे ३४० मिलिग्रॅम. निरोगी प्रौढ माणसाने एका वेळी २०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, दिवसभरात ४०० च्या आत, असं युरोपची अन्नसुरक्षा संस्था सांगते. ही मर्यादा जळजळीसाठी ठरवलेली नाही, पण मग किती मोठा आहे हे त्यावरून कळतं. तीच २० ग्रॅम पूड निव्वळ अरेबिकाची घेतली तर २४० होतात. मग लहान केला, २०० मिली पाणी आणि साडेबारा ग्रॅम पूड, तर १५०. पाणी आणि पुडीचं प्रमाण तेच, १६ ला १, त्यामुळे चवीला कॉफी पातळ लागत नाही. कॅफिन निम्म्याहून खाली आलं आणि पोट फुगवणारा द्रवही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटला. कुठलंही खास पाकीट न घेता.

इथे बहुतेक जण उलटं करतात. मग तेवढाच ठेवतात आणि पूड कमी करतात. मग कॉफी फिकी लागते म्हणून तीच पूड जास्त वेळ पाण्यात ठेवतात, त्यात कडवटपणा उतरतो आणि दोन दिवसांत माणूस जुन्या मापावर येतो. त्याऐवजी मगाचं माप लहान करा, प्रमाण तेच ठेवा. आणि चमच्याने मोजू नका. गडद भाजलेली बी हलकी आणि फुगीर असते, फिकी भाजलेली जड असते, त्यामुळे एकाच चमच्यात दोन्हींचं वजन वेगळं भरतं. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा पुरतो.

कोल्ड ब्रूबद्दल, म्हणजे थंड पाण्यात कित्येक तास भिजवून काढलेल्या कॉफीबद्दल, सर्वात जास्त गैरसमज आहेत. त्यात आम्ल जवळजवळ नसतंच असं ठोकून सांगितलं जातं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत गरम आणि थंड दोन्ही कॉफींचा पीएच सारखाच निघाला, ४.८५ ते ५.१३ च्या दरम्यान. फरक एकूण आम्लाच्या प्रमाणात होता: गरम कॉफीत ते जास्त होतं. चवीला कोल्ड ब्रू मवाळ लागते त्याचं एक कारण हेच. पण जळजळ थांबवायला तेवढं पुरेसं नाही, कारण खरी अडचण मापात आहे.

कोल्ड ब्रू साधारण अशी होते: ६० ग्रॅम जाड दळलेली पूड, ४८० मिली पाणी, फ्रिजमध्ये १२ तास, मग गाळायची. पूड आपल्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे हाती साडेतीनशे मिलीच्या आसपास अर्क येतो. हा अर्क आहे, प्यायची कॉफी नाही. त्याचा २५० मिलीचा ग्लास तसाच प्यायला तर सुमारे ३१ ग्रॅम पुडीची ताकद पोटात गेली, निव्वळ अरेबिका धरली तरी ३७० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन. चव मवाळ असल्यामुळे घोटही मोठे जातात. मग ‘कोल्ड ब्रूनेही मला होतंच’ अशी तक्रार येते. १०० मिली अर्कात १०० मिली पाणी घाला. वरच्या लहान मगाइतकंच, म्हणजे दीडशेच्या आसपास कॅफिन होईल आणि तेव्हाच गरम-थंडची तुलना न्याय्य होईल.

भाजणीकडे येऊ. जितकं गडद भाजावं तितकी क्लोरोजेनिक आम्लं मोडतात आणि बीतल्या ट्रायगोनेलिनपासून एन-मिथाइलपिरिडिनियम नावाचा पदार्थ बनतो. निरोगी लोकांवरच्या एका छोट्या प्रयोगात, हा पदार्थ जास्त असलेल्या गडद भाजणीच्या कॉफीने जठराला कमी आम्ल सोडायला लावलं. म्हणजे दिशा आशादायक आहे. पण २००३ मध्ये, ज्यांना कॉफीने त्रास होतो अशाच लोकांना दोन वेगळ्या भाजणींची कॉफी, कोणती कुठली हे न सांगता दिली, तेव्हा जळजळीत फरक पडला नाही. माझं मत: मध्यम-गडद अरेबिका करून बघायला हरकत नाही, चव आवडली तर ठेवा, पण भाजणीवर सगळी भिस्त ठेवू नका. ‘कडक’ चव म्हणजे जास्त कॅफिन हेही चूक. भाजल्याने कॅफिन फारसं बदलत नाही.

कागदी फिल्टर? तो तेलकट पदार्थ अडवतो, त्यातले कॅफेस्टॉल आणि काहवेओल कोलेस्टेरॉल वाढवतात. त्यासाठी जरूर वापरा. जळजळीवरचा उपाय म्हणून विकत घेऊ नका.

डिकॅफबद्दल, म्हणजे कॅफिन काढून टाकलेल्या कॉफीबद्दल, मात्र आवर्जून. त्याने अनेकांचं आम्ल वर येणं कमी होतं, पण डिकॅफ कॉफीही जठराला आम्ल सोडायला लावतेच, कारण ते काम एकटं कॅफिन करत नाही. म्हणून डिकॅफकडे उपायापेक्षा तपासणीचं साधन म्हणून बघा.

तपासणी अशी करायची. आधी चार दिवस नेहमीसारखी कॉफी घ्या आणि पूड किती ग्रॅम, पाणी किती मिली, पोट रिकामं की भरलेलं, पुढच्या दोन तासांत जळजळ ० ते ३ मध्ये किती, एवढंच लिहा. मग चार दिवस लहान मग. तरी होत असेल तर चार दिवस त्याच मापाची डिकॅफ. तरीही होत असेल तर चार दिवस त्याच वेळी, त्याच मापाचं नुसतं गरम पाणी. जे कोणी करत नाही ते हेच. पाण्यानेही जळजळ झाली तर कॉफी निर्दोष. वेळ, वाकणं, आदल्या रात्रीचं उशिराचं जेवण किंवा एखादं औषध तपासा. डिकॅफने थांबली तर कॅफिन दोषी. डिकॅफने होते आणि पाण्याने होत नाही, तर कॉफीतलं दुसरं काहीतरी बाधतं, आणि गडद भाजणीचा प्रयोग याच लोकांनी करण्यात अर्थ आहे.

दूध घालून पिणाऱ्यांनी या सोळा दिवसांत दूध कायम ठेवावं, नाहीतर एकाच वेळी दोन गोष्टी बदलतात. दूध क्षणभर शमवतं, पण साय असलेल्या दुधातली चरबी जठर रिकामं व्हायचा वेग कमी करते, आणि दूध न पचणाऱ्यांना गॅसचा दाब वेगळाच. प्रयोगाच्या दिवसांत आपल्या मनाने जळजळीची गोळी घेऊ नका, नोंदी बिघडतील. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र बंद करू नका, तीही तशीच चालू ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम डिकॅफवर उडी मारली तर पहिले दोन-तीन दिवस डोकं ठणकतं. तीन-चार दिवस अर्धी-अर्धी मिसळून उतरा आणि ते दिवस नोंदीत धरू नका.

गिळताना अडकत असेल, वजन आपोआप घटत असेल, शौचाला काळी होत असेल, उलटीत रक्त असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. श्रम केल्यावर छातीत दुखून हात-जबड्याकडे कळ जात असेल तर तातडीने रुग्णालय गाठा.

उदाहरणातल्या माणसाचं काय करायचं? मग २०० मिलीचा, निव्वळ अरेबिका, व्यायाम आधी, मग थोडं खाणं, मग कॉफी. चार दिवसांनी नोंद ० किंवा १ असेल तर त्याच मापाचा दुसरा मग दुपारी घेऊन बघावा. संध्याकाळी नको, कारण कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायलाच सुमारे पाच तास लागतात, आणि कॉफीनंतर दोन-तीन तास आडवं न होणं सकाळी सहज जमतं.