“दिवाळीनंतर बघू” म्हणजे नेमके कधी?

मी सांगलीत सनदी लेखापालाचा व्यवसाय करतो. सप्टेंबर महिन्यात आमच्या कार्यालयात काय चाललेले असते, हे या व्यवसायातल्या लोकांना सांगायला नको. ज्यांच्या हिशेबांचे कर-लेखापरीक्षण कायद्याने बंधनकारक आहे, त्यांचा अहवाल एरवी ३० सप्टेंबरपर्यंत पोर्टलवर चढवायचा असतो, धर्मादाय संस्थांचे अहवालही त्याच तारखेला अडकलेले असतात, आणि मध्येच १५ तारखेला आगाऊ कराचा हप्ता व २० तारखेला जीएसटीचे विवरणपत्र येऊन जाते. नेमक्या याच दिवसांत “सर, एकदा निवांत भेटायचे होते” असे निरोप येतात. गेल्या सप्टेंबरात असे चौदा आले. त्यांना काय उत्तर द्यावे, याविषयी माझे मत गेल्या काही वर्षांत पार बदलले आहे, आणि ते बदलायला मला एक चूक करावी लागली.

पूर्वी माझे उत्तर ठरलेले असे : “नक्की भेटू, सध्या जरा गडबड आहे, महिनाअखेर होऊ द्या.” यात खोटे काही नव्हते. पण आपल्याकडे “गणपती होऊ द्या”, “दसरा जाऊ द्या”, “दिवाळीनंतर बघू” ही वाक्ये ज्या सुरात म्हटली जातात, त्याच सुरात ते वाचले जाते. ऐकणाऱ्याला कळते की यात ना होकार आहे ना नकार. सणाच्या अलीकडची बाजू ठाऊक असते, पलीकडची नसते. दिवाळीनंतर म्हणजे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, की तुळशीचे लग्न आटोपल्यावर, हे बोलणाराही सांगू शकत नाही. मग समोरचा माणूस भिडेपोटी गप्प बसतो, आणि आपण तो गप्प आहे म्हणजे घाई नसावी असे समजतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका जुन्या अशिलाचा निरोप १८ सप्टेंबरला आला. “थोडे विचारायचे होते” एवढेच त्यांनी लिहिले होते आणि मी माझे ठरलेले वाक्य पाठवले. ते ९ ऑक्टोबरला आले. त्यांनी एक बिगरशेती प्लॉट विकला होता आणि त्याचे खरेदीखत ६ एप्रिलला झाले होते. जमीन विकून झालेला दीर्घकालीन भांडवली नफा ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत पन्नास लाखांच्या मर्यादेत गुंतवला, तर तेवढ्या नफ्यावर कर लागत नाही, परंतु ही गुंतवणूक व्यवहाराच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत व्हावी लागते. ती मुदत आमच्या भेटीच्या तीन-चार दिवस आधी संपली होती. महागाई निर्देशांकाचा लाभ धरून नफा सुमारे २२ लाख होता. त्या वेळच्या वीस टक्के दराने आणि उपकर मिळवून कर होत होता ४ लाख ५७ हजार ६०० रुपये. घर घेऊन सूट मिळवण्याचा दुसरा मार्ग असतो, पण त्यांच्या नावावर आधीच दोन घरे असल्यामुळे तोही बंद होता. पैसे बचत खात्यात पडून होते. बँकेत जाऊन एक अर्ज भरायचा, इतकेच ते काम होते.

ते मला काही बोलले नाहीत. “तुम्ही कामात होतात, आम्हीच आधी यायला हवे होते,” असे म्हणून त्यांनी कराचा हप्ता कधी भरायचा ते विचारले. मी १८ सप्टेंबरला त्यांना पाऊण तास द्यायला हवा होता, असे मला आजही वाटत नाही. तो मला खरोखरच देता आला नसता. मी त्यांना एक प्रश्न विचारायला हवा होता. “कशाबद्दल?” एवढा जरी विचारला असता, तरी “प्लॉट विकलाय” हे उत्तर आले असते आणि मी दोन ओळींत त्यांना बँकेत धाडले असते.

त्यानंतर मी उत्तराचा एक साचा हळूहळू बसवत आणला. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरात, १२ तारखेला एका ज्येष्ठ अशिलाने भेटीची वेळ मागितली तेव्हा त्याच संध्याकाळी मी हे लिहिले :

“नमस्कार काका, तुमचा निरोप मिळाला. ३० सप्टेंबरपर्यंत ऑडिटच्या कामामुळे मला निवांत बसून बोलता येणार नाही. बुधवार, ८ ऑक्टोबर, संध्याकाळी ५ ते ५.४५ ही वेळ तुमच्या नावाने वहीत लिहून ठेवली आहे. ती सोयीची नसेल तर गुरुवारी ९ ला सकाळी ११ वाजता या. तोपर्यंत एकच गोष्ट कळवा : विषय कशाचा आहे, आणि त्यात कुठली तारीख गुंतली आहे का? खरेदीखत, नोटीस, बँकेचे पत्र, असे काही असेल तर त्याचा फोटो आजच पाठवा. मी रात्री पाहून, थांबता येईल की नाही ते सांगतो.”

यातल्या ८ तारखेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण सगळे मर्म तिच्यात आहे. मुदत ३० तारखेला संपते म्हणून भेट १ तारखेला द्यायची, हा मोह प्रत्येकाला होतो आणि तो चुकीचा असतो. गेल्या वर्षी ३० सप्टेंबर मंगळवारी होता. बुधवारी कार्यालयातील निम्मी मुले रजेवर जाणार होती, गुरुवारी दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी होती, आणि पुढच्या मंगळवारी, ७ तारखेला, सप्टेंबर महिन्याचा टीडीएस भरायचा होता. शिवाय सप्टेंबरभर बाजूला सारलेले कागद त्याच आठवड्यात अंगावर येतात. म्हणून मुदतीनंतरचा पहिला आठवडा मी स्वतःकडेच ठेवतो आणि पहिली वेळ टीडीएसच्या दुसऱ्या दिवसापासून देतो. दिवसाला तीनच भेटी, प्रत्येकी पाऊण तास, आणि एका दिवसाच्या तीन भरल्या की पुढचा निरोप पुढच्या दिवसावर जातो. चौदा जणांना “८ तारखेनंतर कधीही या” असे सांगणे म्हणजे ८ तारखेला दारात जत्रा भरवणे होय.

उत्तर त्याच दिवशी गेले पाहिजे, याबद्दल मी आता फार काटेकोर झालो आहे. निरोप वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटलेल्या असताना चार दिवसांनी पाठवलेले उत्तम उत्तरही आधी खुलाशासारखे वाचले जाते. आणि नुसता अंगठा पाठवणे तर सर्वांत वाईट, कारण त्याचा अर्थ कोणी “या” असा घेतो आणि कोणी “बघू” असा. (एक गृहस्थ तो अंगठा प्रमाण मानून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पत्नीसह कार्यालयात येऊन बसले होते.) आपण किती कामात आहोत याचे वर्णनही मी वाक्यभरात उरकतो. “रात्री दोनपर्यंत जागतोय, जेवायलाही वेळ नाही” हे खरे असले, तरी ज्याला भेट हवी आहे त्याला त्यातून आपण अवेळी दार वाजवले असे वाटते, आणि मग तो तारखेच्या प्रश्नाला “नाही नाही, काही घाई नाही” असे उत्तर देऊन मोकळा होतो. आपल्याला नेमके तेच नको असते.

हे सगळे नोटिशीला लागू नाही, हे स्पष्ट केलेले बरे. आयकर विभागाच्या सुनावणीची तारीख आपण आपल्या वहीप्रमाणे पुढे ढकलत नसतो. तिथे मुदतवाढीची विनंती पोर्टलवर रीतसर करावी लागते आणि ती मान्य होईलच असे नसते. त्यामुळे ज्याच्या फोटोत नोटीस दिसते, तो माणूस या रांगेतून बाहेर काढून त्याच आठवड्यात बसवावा लागतो, मग स्वतःचे काहीही होवो. गेल्या वर्षी चौदांपैकी तिघे असे निघाले. विचारले नसते, तर तिघेही ऑक्टोबरच्या यादीत बसले असते.

आता या पद्धतीची दुसरी बाजू. २५ सप्टेंबरला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने लेखापरीक्षण अहवालाची मुदत ३० सप्टेंबरवरून ३१ ऑक्टोबरवर नेली. त्या दिवशी संध्याकाळी सगळ्या व्यवसायाने सुस्कारा सोडला. मी मात्र वही उघडून बसलो, कारण ८ ऑक्टोबरपासून अकरा जणांना दिलेल्या वेळा आता ऐन कामाच्या मधोमध येऊन पडल्या होत्या. माझ्या एका व्यवसायबंधूने सर्वांना “ऑडिट संपले की भेटू” असे कळवले होते. त्याला नवा निरोप पाठवण्याची गरजच पडली नाही. त्याचा शब्द शाबूत होता आणि माणसे ताटकळत होती. पुढे २९ ऑक्टोबरला ती मुदत पुन्हा १० नोव्हेंबरपर्यंत वाढली, तेव्हा त्याचे “ऑडिट संपले की” आणखी दहा दिवस लांबले. मुदत ठरवणे मंडळाच्या हातात असते. आपण तिच्यावर भेट टांगली की भेटीची तारीखही मंडळच ठरवू लागते.

अकरापैकी नऊ भेटींच्या तारखांना मी हात लावला नाही, त्या ठरल्या दिवशीच घेतल्या. त्यासाठी मला सकाळी सातपासून बसावे लागले, आणि दोन अहवाल दिवाळीआधी व्हायचे ते दिवाळीनंतर गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. उरलेल्या दोघांना मात्र मी २७ सप्टेंबरलाच, म्हणजे भेटीच्या पंधरवडाभर आधी, लिहिले : “मुदत वाढल्यामुळे माझे गणित चुकले आहे. तुमच्या विषयात कुठली तारीख अडलेली नाही असे तुम्ही कळवले होते, म्हणून विचारतो, १४ ऑक्टोबरऐवजी शुक्रवारी, १४ नोव्हेंबरला चालेल का? अडचण असेल तर मूळची वेळ कायम आहे.” एकाने लगेच होकार दिला. दुसऱ्या ताईंनी लिहिले की मुलगा मूळच्या वेळेसाठी पुण्याहून येऊन लगेच परत जाणार आहे, आणि भागीदारीपत्रावर बोलताना तो हवा आहे. मी त्यांची मूळ वेळ कायम ठेवली.

१२ सप्टेंबरला लिहिणाऱ्या काकांचे उत्तर मला त्याच रात्री आले होते. विषय मृत्युपत्राचा होता, तारीख कुठलीच नव्हती, आणि शेवटी त्यांनी लिहिले होते, “आठ तारखेला पाचला येतो. तुमच्याकडून आजवर पहिल्यांदाच वार आणि वेळ आली, म्हणून कालनिर्णयावर पेनाने लिहिली आहे.” वीस वर्षे ते माझे अशील आहेत.