पस्तिशीतली एसआयपी: 14,300 च्या आकड्याबद्दल

"तुमच्या हिशेबाने पस्तिशीत सुरुवात करणाऱ्याने महिना 14,300 टाकायचे. माझ्या हातात 48 हजार येतात, त्यातले 16 हजार घराच्या हप्त्यात जातात. कुठून आणू? त्यापेक्षा 5 हजारच, पण सगळे स्मॉल कॅपमध्ये टाकून उशीर भरून काढला तर काय वाईट?" – नाशिकहून एक वाचक

तुमची पहिली तक्रार रास्त आहे. पंचविशीत म्युच्युअल फंडात महिना 5 हजारांची एसआयपी सुरू केली आणि परतावा 10 टक्के धरला, तर साठीला साधारण 1 कोटी 91 लाख जमतात. तेवढेच 25 वर्षांत जमवायला 14,300 लागतात, पण आधीच्या त्या हिशेबात मी हप्ता शेवटपर्यंत एकच धरला होता. पगार वाढत जातो हे त्यात आलंच नाही, ही माझी चूक.

स्मॉल कॅपचं, म्हणजे सगळे पैसे छोट्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये टाकण्याचं, मात्र मला पटत नाही. 5 हजारांतच तिथे पोचायचं तर दरसाल जवळपास 16 टक्के हवेत, तेही 25 वर्षांच्या सरासरीने. जानेवारी 2018 ते मार्च 2020 या काळात स्मॉल कॅप निर्देशांक निम्म्याहून जास्त घसरला होता. अशी घसरण चाळिशीत आली तर बाजार सावरेपर्यंत थांबता येतं. सत्तावन्नाव्या वर्षी आली तर थांबायला वर्षंच उरत नाहीत. उशीर झालेल्या माणसाकडे नेमका वेळच कमी असतो, म्हणून त्याने भरपाई परताव्यातून नाही, हप्त्यातून करावी.

आता तुमचाच हिशेब करू. 5,800 ने सुरुवात करा आणि दरवर्षी हप्ता 10 टक्क्यांनी वाढवा. त्याच 10 टक्के परताव्यात साठीला साधारण तेवढीच रक्कम जमते. पहिल्या वर्षी हे पगाराच्या 12 टक्के होतात. पगार दरसाल 7 टक्क्यांनी वाढला, तर शेवटच्या वर्षी हप्ता 57 हजारांच्या पुढे, म्हणजे पगाराच्या जवळपास 24 टक्के असेल. हे जड आहे, पण तोवर घराचा हप्ता फिटलेला असेल. कर्ज संपेल त्याच महिन्यापासून ते 16 हजार एसआयपीकडे वळवा, एकदा खर्चात मिसळले की ते परत निघत नाहीत.

ही योजना बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोडते. पगारवाढ येते आणि हप्ता तिथेच राहतो. म्हणून एसआयपी सुरू करतानाच हप्ता दरवर्षी आपोआप वाढवणारा टॉप-अपचा पर्याय निवडा, आणि दर एप्रिलमध्ये हप्ता पगाराच्या किती टक्के आहे ते पाहा. टक्का खाली आला असेल, तर तुम्ही मागे पडताय.

आणि पीएफ. नोकरी बदलताना तो काढलाय का? त्यात 3 लाख असतील आणि 8 टक्के व्याज मिळत राहिलं, तर 25 वर्षांत त्यांचे साधारण साडेवीस लाख होतात. जुन्या कंपनीतलं खातं तसंच पडून असेल तर यूएएनवरून, म्हणजे तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकावरून, ते आताच्या खात्यात वळवून घ्या. ही रक्कम वरच्या हिशेबात मी धरलेली नाही.