आजींचा पहिला व्हिडिओ

घरातल्या ज्येष्ठांना मोबाइल शिकवताना त्यांच्या हातातून तो काढून घेऊन ‘थांब, मीच करून देतो’ म्हणणे मला मुळीच पटत नाही. काम होते, पण शिकणे तिथेच संपते. माझ्या मुलाने हे कसे टाळले, ते सांगावेसे वाटते.

माझ्या सासूबाई डिचोली तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, ही मुलांची नेहमीची चूक कागदाच्या पट्टीवरून समजावणारा व्हिडिओ त्यांना करायचा होता. पट्टीचे सहा सारखे भाग करायचे. अर्धी पट्टी म्हणजे तीन भाग, एक तृतीयांश म्हणजे दोन, मिळून सहापैकी पाच.

पहिले चित्रण झाले तेव्हा बाहेर कौलांवर पाऊस कोसळत होता आणि डोक्यावर पंखा फिरत होता. मुलाने दोष सांगितला नाही. तो म्हणाला, “आजी, तूच ऐक आणि सांग.” त्यांनी ऐकले आणि लगेच म्हणाल्या, “मागच्या बाकावरच्या मुलाला यातले काही कळणार नाही रे.” मग त्याने कारण सांगितले: फोन लांब ठेवला की आपला आवाज क्षीण होतो, पाऊस आणि पंखा मात्र तेवढेच ऐकू येतात. पंखा बंद झाला, खिडकीकडे पाठ करून बसलेल्या आजी चेहऱ्यावर उजेड यावा म्हणून खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि वायरवाल्या इअरफोनचा माइक पदराला टाचला गेला. पण पट्टीवर वाकताना पदर माइकला घासून खरखर येऊ लागली. ती आजींनीच ओळखली आणि माइक उजव्या बाजूला, ब्लाउजच्या काठाला लावला.

वाक्य अडखळले की त्या रेकॉर्डिंग बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. त्यावर त्याने सुचवले, की रेकॉर्डिंग चालूच ठेवायचे, क्षणभर गप्प राहायचे आणि तेवढेच वाक्य पुन्हा म्हणायचे. आवाजाच्या आलेखात ती शांतता सपाट रेघेसारखी दिसते, त्यामुळे कुठे कापायचे ते चटकन सापडते. कापण्याचे बटण प्रत्येक वेळी आजींनीच दाबले. त्याचा हात फोनपाशी गेलाच नाही. मला त्याच्या या संयमाचे फार कौतुक वाटले.

वाद झाला तो एकाच जागी. “आता एकूण किती भाग झाले?” या प्रश्नानंतरची शांतता त्याला कापायची होती, कारण प्रेक्षकांना व्हिडिओ अडकला असे वाटेल. आजींनी ठाम नकार दिला. “मुलाला मोजायला वेळ नको का? उत्तर मीच दिले तर तो मोजणारच नाही.” माझ्या मते आजींचेच बरोबर होते. तोही विचारात पडला आणि त्याने तेवढ्या वेळापुरते पडद्यावर ‘पट्टीचे भाग मोजा’ असे लिहिण्याचा मार्ग काढला. ती अक्षरेही आजींनीच टंकली.