बाबा ठणठणीत आहेत, चूक माझ्या 🙏🏻💐 ची होती

परवा संध्याकाळी सातला मी एक फोटो टाकला. साडेसातला इचलकरंजीहून थोरल्या आत्याचा रडत फोन. "कधी गेला गं तुझा बाप? आणि मला फेसबुकावर कळवतेस?" बाबा समोरच गूळ-शेंगदाणे खात बसले होते. मी फोन त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, "बोल अक्का." पलीकडे दोन सेकंद शांतता, आणि मग ज्या शिव्या सुरू झाल्या त्या मला शेजारी बसून ऐकू येत होत्या.

तोवर पोस्टखाली अकरा जणांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून झालं होतं.

झालं होतं ते एवढंच, की बाबांनी मिरजेतलं त्यांचं शिलाईचं दुकान बंद केलं. फोटोत अर्धं ओढलेलं शटर, बाबा पाठमोरे, काखेत मापाची वही. कॅप्शन पुतणीने लिहिलं, शेवटचं 💐 मी चिकटवलं. जसंच्या तसं देते:

४१ वर्षांचा प्रवास आज थांबला 😢💔 बाबांचं दुकान ✂️🧵👔 आठवणीत कायम राहील ✨🙏🏻🙏🏻💐

मोजा. नऊ. आणि लाज वाटण्याची गोष्ट अशी की माझं पोट कॅप्शनवर चालतं. सांगली-मिरजेतल्या चार-पाच छोट्या धंद्यांची पेजेस मी सांभाळते. दुसऱ्यांना इमोजी कमी करा म्हणून सांगणारी बाई मी, आणि स्वतःच्या बापाला जिवंतपणी हार घालून बसले.

'दुकान' हा शब्द त्यात स्पष्ट होता की! पण तो कुणी वाचलाच नाही. फोनवर बोट सरकवणारा माणूस आधी रंग बघतो, मग जमलं तर अक्षरं. त्याला दिसलं: थांबला, रडका चेहरा, बाबा, आठवणीत, जोडलेले हात, फुलं. आपल्याकडे 🙏🏻 आणि 💐 एका ओळीच्या शेवटी शेजारी शेजारी आले की त्याचा अर्थ ठरलेला आहे. सुटा 🙏🏻 नमस्कार असतो, आभार असतो, 'कृपया' असतो, 'बाबा रे, पुरे कर' सुद्धा असतो. सुटं 💐 वाढदिवसालाही चालतं. पण 'थांबला'नंतर दोन्ही एकत्र म्हणजे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची काळी चौकट.

(मध्येच एक. हे 🙏🏻 म्हणजे नुसते हात नव्हेत, त्यात कातडीचा रंगही निवडलेला असतो. २०१५ साली युनिकोडने पाच छटा आणल्या आणि आपल्या तमाम ग्रुपांनी त्यातली सगळ्यात गोरी उचलली. चार दशकं कोळशाच्या इस्त्रीजवळ काढलेल्या बाबांच्या हातांचा रंग बघाल तर हसाल.)

आत्याचा राग शांत झाल्यावर पुतणीला घेऊन बसले आणि एकेक इमोजी अंगठ्याने झाकत गेलो. आमच्या कामात मी हेच करते. इमोजी झाकायचा आणि वाक्य मोठ्याने वाचायचं. अर्थ किंवा सूर बदलला तर तो इमोजी काम करतोय, राहू दे. काहीच बदललं नाही तर तो नुसता बसून जेवतोय.

✂️🧵👔 पहिल्यांदा गेले. फोटोत मागच्या भिंतीवर कात्री टांगलेली दिसतेच आहे. डोळ्यांनी दिसणारी वस्तू पुन्हा चित्राने सांगायची म्हणजे लग्नपत्रिकेवर 'लग्न' लिहून वर नवरा-नवरीही काढायचे. शिवाय बाबांची कात्री काळी, दीड हात लांब वाटावी अशी, जड, अंगठ्याच्या कडीला सुती चिंधी गुंडाळलेली. इमोजीतली कात्री शाळेच्या कंपासपेटीतली. खऱ्या वस्तूशेजारी तिचं खेळणं ठेवलं की खरी वस्तूही हलकी दिसायला लागते.

✨ ला पुतणी चिकटून होती. "आत्या, ते छान दिसतं." दिसतं ना. म्हणूनच सेलच्या जाहिरातीत, नव्या कुर्तीच्या फोटोखाली आणि पार्लरच्या ऑफरमध्ये तेच असतं. ते पाहिलं की मला किंमत शोधावीशी वाटते.

💔 म्हणजे प्रेमभंग. बाबांचा मशीनवर जीव होता हे खरं, पण इतका नाही.

मग उरलं 😢, आणि इथे आमचं खरं वाजलं. पुतणी म्हणाली, "ते काढलंस तर वाक्य कोरडं वाटतं. नुसता पूर्णविराम म्हणजे कुणीतरी रागावल्यासारखं." तिचं चॅटच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर आहे. मैत्रिणीला 'ठीक आहे.' असं लिहिलं तर ती दिवसभर विचारत बसते, काय झालं म्हणून. चॅटमध्ये समोरच्याचा चेहरा नसतो, ती जागा इमोजी भरतो. पण कॅप्शनच्या डोक्यावर फोटो असतो. चेहरा तिथे आधीच हजर आहे. आमच्या फोटोत तर बाबांची पाठ होती, आणि ती पाठ काय वाटून घेत असेल हे प्रत्येकाने आपापलं बघावं, यातच त्या फोटोचा जीव होता. आम्ही 😢 टाकून उत्तर सांगून मोकळे झालो. नाटकात नट रडायच्या आधीच पहिल्या रांगेतल्या काकूंनी रुमाल काढावा तसं.

मराठीत तर हे जास्तच बोचतं, असं माझं मत. आपलं क्रियापद शेवटी येतं. 'बाबांनी आज दुकान' इथपर्यंत काहीही होऊ शकतं: उघडलं, रंगवलं, विकलं. 'बंद केलं' म्हटल्यावर वाक्य जमिनीवर टेकतं. आता हेच 'बाबांनी आज 😢 दुकान ✂️ बंद केलं' असं वाचा. क्रियापद येण्याआधीच बातमी फुटली. आणि क्रियापदानंतर लगेच चिकटवला तर 'केलं'नंतरची जी छोटी शांतता असते, ती भरून जाते. दुःखाच्या वाक्याला ती शांतता लागते. म्हणून अशा ठिकाणी माझा आकडा शून्य. एकसुद्धा नाही.

मध्ये घुसवलेल्या इमोजींचा आणखी एक त्रास मला एका ओळखीच्या दादांमुळे कळला. त्यांना दिसत नाही, फोन त्यांना स्क्रीन वाचून दाखवतो. तो इमोजीचं नावही वाचतो. दिवाळीत कुणीतरी शुभेच्छांच्या प्रत्येक शब्दानंतर 🪔 लावून पाठवलं होतं, आणि त्यांच्या फोनने ते सगळे दिवे एकामागून एक मोठ्याने म्हणून दाखवले. दादा म्हणाले, "शुभेच्छा कुठल्या दिव्याखाली होत्या ते सापडलंच नाही." (हा दिवा २०१९ साली आला. त्याआधी आम्ही मेणबत्तीवर भागवायचो, आता कसर भरून काढतोय.) तेव्हापासून मी इमोजी ठेवलाच तर वाक्याच्या शेवटी ठेवते.

म्हणजे इमोजी वाईटच असं नाही हो. आमची एक फराळवाली ताई आहे. तिच्या पोस्टमध्ये चकली, अनारसे, चिवडा, प्रत्येकाचा भाव, ऑर्डरची शेवटची तारीख, पत्ता आणि नंबर असतो. तिथे पत्त्याआधी 📍 आणि नंबराआधी 📞 मी हट्टाने लावते. लोक ती पोस्ट वाचत नाहीत, चाळतात. नंबर कुठे आहे ते डोळ्याला झटकन सापडलं पाहिजे. तिथे चार-पाच झाले तरी बिघडत नाही, कारण त्या पोस्टला मूड नाही, भाव आहे. पण त्याच ताईने आईच्या हाताच्या अनारशांची आठवण लिहिली, तेव्हा मी एकही ठेवू दिला नाही.

आणि कुणासाठी लिहितोय तेही बघावं लागतं. 🚩 आमच्या घरात वारीला, शिवजयंतीला, गड चढल्यावर. पुतणीच्या इंग्रजी रील्समध्ये तोच झेंडा म्हणजे 'या मुलापासून लांब राहा'. मागच्या आषाढीला तिच्या मैत्रिणीने पंढरपूरच्या फोटोखाली तीन 🚩 लावले आणि तिच्या पुण्यातल्या बंगाली रूममेटने काळजीने मेसेज केला. 😂 चं तसंच. २०१५ साली ऑक्सफर्डने त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं होतं. आता पुतणी म्हणते ते काका लोक वापरतात, आम्ही हसताना 😭 टाकतो. थोरल्या आत्याला कुणी हे सांगू नका. आधीच घोळ कमी नाही.

तर रात्री नवीन कॅप्शन लिहिलं. पहिला मसुदा असा होता: 'बाबांनी आज दुकान बंद केलं. मापाची वही घरी आणली.' बस. मला तो आवडला होता. पण अकरा श्रद्धांजल्यांनंतर तो टाकणं म्हणजे बाराव्या श्रद्धांजलीला आमंत्रण. शिवाय बाबा म्हणाले, "एवढं रडकं कशाला? मी काय हिमालयात चाललोय?" त्यांनी वही उघडली आणि गल्लीतल्या एकेका प्रतिष्ठित माणसाची जुनी मापं वाचायला सुरुवात केली. तिथून हे आलं:

बाबांनी आज ४१ वर्षांचं दुकान बंद केलं. मशीन दिली, कात्री दिली, मापाची वही मात्र घरी आणली. तुमचं १९९८ सालचं कमरेचं माप त्यात अजून आहे. जपून वागा 😄

एकच ठेवला. अंगठ्याने झाकून बघा. 'जपून वागा' नुसतंच राहिलं तर घरच्यांना विनोद कळतो, पण जुन्या गिऱ्हाइकाला, त्यातही ज्याची तीन शर्टांची शिलाई अजून बाकी आहे त्याला, ते टोचू शकतं. लिहिताना आवाज ऐकू जात नाही, तो मिश्कील आहे एवढं सांगायला 😄 लागला. 😂 नको म्हटलं, कारण आपल्याच विनोदावर आपणच आधी लोळायचं नसतं. आणि तीन 😄😄😄 केले असते तर विनोदाची खात्री नसल्यासारखं दिसलं असतं. पहिल्या तीन वाक्यांना मात्र काही नाही. ती आहेत तशी उभी आहेत.

पोस्ट डिलीट न करता मी फक्त कॅप्शन बदललं. त्यामुळे जुन्या कमेंट खाली तशाच राहिल्या. सकाळी बघते तर बाबांनी चष्मा लावून, एकेक करून, अकराच्या अकरा 'भावपूर्ण श्रद्धांजली'खाली स्वतः उत्तर दिलंय.

👍