बुटातली क्रियापदं

मुलीचं लग्न माद्रिदमध्ये झालं आणि आम्हाला जे व्याही मिळाले त्यांना मराठी येत नाही, हिंदी येत नाही आणि इंग्रजी तर आमच्या वॉचमनहून कमी येतं. पहिल्या व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघे वीस मिनिटं एकमेकांकडे बघून हसलो. शेवटी गाल दुखायला लागले, तेव्हा एकसष्टाव्या वर्षी मी पुण्यात स्पॅनिशचा क्लास लावला.

वर्गातली बाकीची मुलं माझ्या मुलीहून लहान. शिकवणाऱ्या बाईंना सगळे 'प्रोफे' म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. वर्तमानकाळाचा पहिला दिवस सोपा गेला. क्रियापदाच्या शेवटी आर, एर किंवा इर असतं. ते छाटायचं आणि उरलेल्या धातूला माणसाप्रमाणे शेपूट लावायचं. आब्लार म्हणजे बोलणे: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते, बस्स. बोलतो-बोलते अशी भानगड नाही, ती बोलली तरी आब्ला आणि तो बोलला तरी आब्लाच. शाळेत 'गच्छति गच्छतः गच्छन्ति' घोकलेल्या माणसाला हे काय जड? शिवाय इथे द्विवचन नाही. मी घरी येऊन तीन क्रियापदं एका दमात म्हणून दाखवली. सौ.ने कौतुकाने भजी तळली.

पुढच्या शनिवारी प्रोफेंनी लुडोचा फासा काढला. एक पडला तर मी, दोन तू, तीन तो, चार आम्ही, पाच तुम्ही, सहा ते. त्या क्रियापद सांगणार, फासा टाकणार आणि आपण तीन सेकंदांत रूप म्हणायचं. माझ्या वाट्याला चार आला, क्रियापद कोमेर, म्हणजे खाणे. मी मनातल्या मनात कोमो, कोमेस, कोमे असा जिना चढत चौथ्या पायरीवर पोचलो, तोवर पुढच्या बाकावरच्या मुलीने 'कोमेमोस' म्हणून टाकलं होतं. सात सक्कं किती विचारलं की साती एके सातपासून सुरुवात करणारा मुलगा असतो ना, तो मी. पाढा मला येत होता, त्यातलं एकच घर विचारलं की येत नव्हतं. बोलताना कोणी 'मी, तू, तो' अशा क्रमाने थोडंच बोलतं?

मग घरी सराव सुरू झाला. नातवंडांसाठी जपून ठेवलेला लुडो काढला. सौ. वही घेऊन समोर, फासा तिच्या हातात. ती परीक्षक म्हणून निर्दय आहे.

इथवर ठीक होतं, पण मग आलं पोदेर, म्हणजे शकणे. नियमाने पोदो व्हायला हवं, पण होतं प्वेदो. प्वेदो, प्वेदेस, प्वेदे, मग अचानक पोदेमोस, पोदेइस आणि पुन्हा प्वेदेन. "आम्ही आणि तुम्ही नीट वागतो, बाकीचे चार बिघडलेत," असं सौ.चं निरीक्षण. प्रोफेंनी फळ्यावर दोन रांगांचा तक्ता काढला, डावीकडे एकवचन, उजवीकडे अनेकवचन. बिघडलेल्या चार घरांभोवती रेघ ओढली तर डावीकडची तीन आणि उजवीकडचं सगळ्यात खालचं मिळून चक्क बूट झाला. अशा क्रियापदांना बुटातली क्रियापदं म्हणतात. चार जणांनी बूट घातलाय, आम्ही-तुम्ही अनवाणी.

मला चित्र पटलं, कारण कळेना. प्रोफे म्हणाल्या, "काका, जोर कुठे पडतो ते ऐका." प्वेदो म्हणताना जोर धातूवर पडतो. पोदेमोसमध्ये तो शेपटाकडे, 'दे'वर सरकतो. जुन्या लॅटिनमधला ऱ्हस्व 'ओ' जोराखाली सापडला की त्याचा 'उए' झाला, जोर नसला की तसाच राहिला. मी घरी येताना बसमध्ये पुटपुटत होतो आणि एकदम दूध आठवलं. आपण दूध म्हणतो, पण दुधाचा. मूल, पण मुलाला. शेवटी काही चिकटलं की आपलाही शब्द अंग चोरतोच की! हे काही सारखं कारण नाही, पण मला तेवढा आधार पुरला. त्यानंतर बूट पाठ करायची गरज उरली नाही. रूप मोठ्याने म्हणायचं आणि जोर चुकला की कान टोचतो.

पण कुठलं क्रियापद बूट घालतं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. कोमेरमध्येही 'ओ' आहे, तरी कोमो म्हणजे कोमोच. मी एकदा शहाणपणाने 'क्वेमो' म्हटलं. प्रोफे म्हणाल्या, "काका, तुम्ही काहीतरी जाळताय." केमार म्हणजे जाळणे, आणि केमो म्हणजे मी जाळतो. तेव्हापासून नवं क्रियापद वहीत उतरवताना मी मूळ रूपाशेजारी 'मी'चं आणि 'आम्ही'चं रूप लिहितो. ती दोन कळली की उरलेली चार बहुधा निघतात. बहुधाच, कारण तेनेर, म्हणजे असणे किंवा जवळ बाळगणे, 'मी'ला तेंगो म्हणतं आणि 'तू'पासून त्येनेस म्हणत बूट घालतं.

एकट्या 'मी'पुरती वाकडी जाणारी टोळी वेगळीच. करणे या क्रियापदाचं 'मी'चं रूप आगो. मी खोलीत आगो, आगो करत बसलो की सौ. स्वयंपाकघरातून "काय हो, लागलं का काही?" म्हणून धावत यायची. आणि जाणे! बोइ, बास, बा, बामोस, बाइस, बान. मी 'बास' म्हणालो की ती वही मिटून उठायची.

एकाच दिवशी माझी कॉलर ताठ झाली. गुस्तार, आवडणे. पोरं इंग्रजीतून विचार करत होती, म्हणून एकेक जण 'यो गुस्तो एल ते' म्हणत होता. मी शांतपणे म्हणालो, 'मे गुस्ता एल ते'. मला चहा आवडतो. क्रियापद चहाच्या मागे जातं, माझ्या नाही. पुस्तकं असतील तर आवडतात, म्हणजे गुस्तान. मराठी माणसाला हे जन्मापासून येतं.

लगेच रविवारी कॉलवर ती कॉलर उतरली. व्याहीबुवांनी विचारलं, सुरू करू या का, तयार आहात ना? मी तयार आहे म्हणायला 'सोइ लिस्तो' म्हणालो. आहे या अर्थाची त्यांच्याकडे दोन क्रियापदं, आणि मी चुकीचं उचललं. 'एस्तोइ लिस्तो' म्हणजे मी तयार आहे. मी म्हणालो होतो, मी हुशार आहे. व्याहीबुवांनी सौजन्याने मान डोलावली.

परवा परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजता मी अंथरुणात दोर्मिर घोळवत होतो. झोपणे. द्वेर्मो, द्वेर्मेस, द्वेर्मे, दोर्मीमोस. अंधारातून आवाज आला, "द्वेर्मे!"

मी म्हटलं, "फासा तीन पडला का?"

"फासा नाही पडला. द्वेर्मे आता!"

सकाळी मी पुस्तकाची न शिकवलेली पानं चाळली. आज्ञार्थ. तू झोप, द्वेर्मे. अहो झोपा म्हणायचं तर द्वेर्मा हवं होतं. एकतीस वर्षांच्या संसारात बाईने मला पहिल्यांदाच एकेरीत हाक मारली होती, आणि व्याकरणात एकही चूक नव्हती.