रात्रीच्या बॅचला आम्ही झोप का विचारतो

रिव्ह्यू (एक स्टार): "वर्षाची फी भरली आहे, फुकट येत नाही. कामामुळे रात्री साडेनऊलाच जमतं. ट्रेनर आधी विचारणार झोप किती झाली, मग डेडलिफ्टच्या प्लेट उतरवणार. प्री-वर्कआउट पावडरचा स्कूप घेतला तर टोकणार. साडेदहाला मोठे लाइट आणि गाणी बंद. एवढीच झोपेची काळजी असेल तर रात्रीची बॅच ठेवताच कशाला?"

मालकाचं उत्तर:

नमस्कार दादा. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यातच आहे.

रात्रीची बॅच ठेवतो कारण रात्रीच्या व्यायामात वाईट काही नाही. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून, मेन रोडच्या दुकानांतून सुटून येणाऱ्या माणसाला दुसरी वेळच नसते. उलट सकाळपेक्षा संध्याकाळी अंगात ताकद थोडी जास्तच असते. शरीराचं तापमान तेव्हा दिवसभरात सगळ्यात वर असतं, सांधे मोकळे असतात, बार पटकन उठतो. रात्रीच्या व्यायामाने झोप उडते का, यावरचे बरेच अभ्यास झ्युरिकच्या संशोधकांनी एकत्र तपासले. ते 2019 मध्ये छापून आलं. निष्कर्ष असा की साधारणपणे झोप बिघडत नाही. अडचण येते ती जोरदार व्यायाम झोपण्याच्या जेमतेम तासभर आधी संपला तर. तेव्हा अंग तापलेलं असतं, ठोके वाढलेले असतात आणि झोप लागायला वेळ लागतो.

म्हणजे खोट रात्री साडेनऊच्या व्यायामात नाही. तुम्ही झोपता किती वाजता आणि सकाळी उठावं किती वाजता लागतं, प्रश्न त्या दोन वेळांच्या मधल्या तासांचा आहे. आमचा ट्रेनर तेच विचारतो.

आमच्याच बॅचमधल्या एका सरांचं सांगतो, त्यांना विचारूनच लिहितोय. कॉलेज रोडला त्यांचे क्लासेस आहेत. सकाळची बॅच साडेसहाची, रात्रीची सुटते नऊला. जिममध्ये साडेनऊ ते जवळपास अकरा, घरी सव्वाअकरा, मग पोटभर जेवण, मग मोबाईल. डोळा लागायला एक वाजून जायचा. पहाटे साडेपाचला गजर. हिशोब केला तर साडेचार तासही नीट होत नव्हते, आणि हे आठवड्याचे पाच दिवस. ते स्वतः म्हणायचे, "मला सवय आहे, काही वाटत नाही."

त्यांचा स्क्वॅट 100 किलोवर पाच सेट, पाच-पाच रेप्स असा चालायचा. पहिला सेट नेहमी छान. दुसराही. तिसऱ्यात चौथी रेप अडखळायची, पाचव्या सेटला तीनवर थांबायचे. महिनोन्‌महिने तिथेच. त्यांना वाटायचं प्रोटीन कमी पडतंय, म्हणून डबे बदलत होते. मग एका रात्री डेडलिफ्टच्या शेवटच्या सेटला कंबर आधी वर गेली, बार नडगीपासून सुटून पुढे आला आणि पाठीत उजव्या बाजूला लचक भरली. वजन त्यांनी शंभरदा उचललेलंच होतं, नवं काहीच नव्हतं.

हे असं का होतं, यावर एक जुना पण फार उपयोगी अभ्यास आहे, 1994 चा. आठ तरुणांना लागोपाठ तीन रात्री फक्त तीन-तीन तास झोपू दिलं आणि रोज वजन उचलायला लावलं. बेंच, लेग प्रेस, डेडलिफ्ट या मोठ्या व्यायामांत ताकद उतरली. बायसेप कर्लची कमाल ताकद मात्र टिकली. आणि सगळ्यात जास्त फरक दिसला तो एका दमात उचलायच्या कमाल वजनात नाही, तर मध्यम वजनाच्या पुन्हापुन्हा उचलण्यात. तेही पहिल्या रात्रीपेक्षा दुसऱ्या रात्रीनंतर जास्त. म्हणून झोप कमी झालेल्या माणसाला वॉर्मअपनंतर पहिला सेट झकास जातो आणि तो म्हणतो, बघा, काही होत नाही. तुमच्यासारखे बरेच जण ट्रेनरवर चिडतात ते नेमके इथे. जोर तेव्हा असतोच. तो चौथ्या-पाचव्या सेटला दगा देतो, आणि डेडलिफ्टमध्ये तिथे दगा बसला की भार पाठीवर येतो.

"मला काही वाटत नाही" यावरही सांगतो, कारण मला याचीच सर्वात जास्त धास्ती वाटते. 2003 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. काही लोकांना चौदा दिवस रोज सहाच तास अंथरुणात राहू दिलं. त्यांचं लक्ष आणि चपळाई रोज घसरत गेली, शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी. पण विचारलं तर ते सांगायचे, थोडी झोप येतेय, बाकी ठीक. त्यांना स्वतःची घसरण कळतच नव्हती. म्हणून ट्रेनर "कसं वाटतंय" असं विचारत नाही, "किती तास" असं विचारतो.

दुखापतीबद्दल मी वाढवून सांगणार नाही. बऱ्याचदा दिला जातो तो आकडा शाळकरी खेळाडूंचा आहे: 2014 च्या अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या मुलांना दुखापत झालेली असण्याची शक्यता 1.7 पट निघाली. ती मुलं होती, मैदानी खेळ खेळणारी, आणि अशा अभ्यासातून झोपेमुळेच दुखापत झाली असं सिद्ध होत नाही. तीस-पस्तिशीच्या जिमवाल्याला तो आकडा जसाच्या तसा लावणं चूक आहे. पण थकलेल्या माणसाची रेप कशी मोडते ते मी रोज डोळ्यांनी बघतो. त्यासाठी मला आकडा लागत नाही.

आता प्लेट का उतरवल्या ते. एका रात्रीच्या जागरणावर आम्ही कुणाचं वजन कमी करत नाही. लग्न असतं, बाळ रडतं, प्रवास असतो, अशा दिवशी नेहमीचं करा, फक्त शेवटचा एखादा सेट सोडा. सलग तीन रात्री पाच तासांच्या आत असतील तर मात्र स्क्वॅट-डेडलिफ्टला वजन दहा टक्क्यांनी खाली, पाचऐवजी तीन सेट, आणि प्रत्येक सेटला अजून तीन रेप्स निघाल्या असत्या तिथे थांबायचं. हात, खांदे, केबल, मशीन यांना तितकी बंधनं नाहीत. शंका असेल तर वॉर्मअपचाच 60 किलोचा सेट बाजूने मोबाईलवर काढून बघा. बार नेहमीपेक्षा हळू चढत असेल किंवा कंबर छातीच्या आधी उठत असेल, तर तो दिवस जड वजनाचा नाही.

स्कूपचं तर मनापासून सांगतो. डब्याच्या मागे वाचा, बऱ्याच प्री-वर्कआउटमध्ये एका स्कूपला 200 ते 300 मिलिग्रॅम कॅफिन असतं. ते निम्मं उतरायला सरासरी पाच तास लागतात, कुणाला जास्तही. रात्री सव्वानऊला 300 घेतलं तर सव्वादोनला अंगात दीडशे उरलेलंच असतं. दोन-तीन कप चहा पिऊन गादीवर पडल्यासारखं. एका तपासणीत 400 मिलिग्रॅम कॅफिन झोपेच्या सहा तास आधी घेऊनसुद्धा झोप तासाभराहून जास्त घटली होती. लोक म्हणतात मला कॉफी पिऊनही झोप लागते. लागते, पण ती उथळ होते आणि मधेमधे तुटते. सकाळी जड डोक्याने उठायचं, रात्री परत स्कूप मारायचा. यात मुलं अडकतात ते बघून मला खरंच वाईट वाटतं. म्हणून साडेसातनंतर नको म्हणतो. जिममध्ये स्कूप विकला तर दोन पैसे मलाच मिळतील, तरी रात्रीच्या बॅचला तो काउंटरवर ठेवत नाही.

लाइट आणि गाणी त्याच कारणाने. डोळ्यावर पांढरा झगझगीत प्रकाश असला की झोपेची तयारी करणारं मेलाटोनिन दबतं. साडेदहाला शेवटचा जड सेट झालेला असावा, पुढची पंधरा-वीस मिनिटं हळू चालणं, स्ट्रेचिंग, लांब श्वास. गाणी तेव्हा बंद असतात, मशीन चालूच असतात.

त्या सरांचं पुढे काय झालं तेही लिहितो. पाठ डॉक्टरांना दाखवून बरी झाल्यावर त्यांचं वेळापत्रक बसून नव्याने लावलं. स्क्वॅट आणि डेडलिफ्ट रविवारी सकाळी, शनिवारची झोप पूर्ण झाल्यावर. मधल्या दिवशी फक्त पाऊण तास, वरच्या अंगाचं हलकं काम, सव्वादहाला बाहेर. मुख्य जेवण संध्याकाळच्या दोन बॅचच्या मधे साडेसहाला, भाकरी-भाजी-वरण जे घरचं असेल ते. जिमनंतर फक्त दूध आणि अंडी किंवा पनीर. घरी गेल्यावर कोमट पाण्याने अंघोळ, त्याने पुढे अंग थंड व्हायला मदत होते. पावणेबाराच्या आत झोपायला लागले. तरी पावणेसहा तासच होतात, म्हणून दुपारी जेवणानंतर अर्ध्या तासाची डुलकी, गजर लावून. दोन वेळचं मिळून सव्वासहा. आदर्श नाही, सात-साडेसात हवेत, पण त्यांच्या धंद्यात एवढंच बसतं. 100 किलोचे पाचही सेट पाच-पाच रेप्सने पूर्ण व्हायला लागले आणि त्यानंतरच आम्ही बारवर अडीच किलो वाढवलं. प्रोटीनचा डबा तोच आहे.

एक गोष्ट वेगळी. तास पुरेसे असूनही सकाळी अंग जड असेल, घरचे म्हणत असतील की मोठ्याने घोरता आणि मधेच श्वास थांबतो, तर तो विषय वेळापत्रकाचा नाही. कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करून घ्या. जाड मानेच्या, वजनदार लिफ्टरमध्ये हे बरंच सापडतं.

दादा, तुम्ही किती वाजता उठता ते मला माहीत नाही. सकाळी नऊपर्यंत झोपायला मिळत असेल तर रात्री साडेनऊचा डेडलिफ्ट खुशाल पूर्ण वजनाने करा, ट्रेनर अडवणार नाही, तसं मी त्याला सांगून ठेवतो. सहाला उठत असाल तर तुमचा डेडलिफ्टचा दिवस तुमच्या सुट्टीच्या दिवशी टाकू, रविवारी सकाळी सात ते अकरा जिम उघडी असते, त्याचे जास्तीचे पैसे नाहीत. येताना गेल्या आठवड्याच्या झोपायच्या-उठायच्या वेळा कागदावर लिहून आणा, तासाभरात चार्ट बसवू. आणि हे सगळं नकोच असेल तर उरलेल्या महिन्यांची फी परत मिळेल. काउंटरवर पावती दाखवा, कुणी वाद घालणार नाही.